गर्भाचे हिमोग्लोबिन, मायोग्लोबिन आणि 'घट्ट धरणे' या शब्दाचा घोटाळा

प्रश्न: "पुस्तकात लिहिले आहे की गर्भाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरते, म्हणून ते आईच्या रक्तातून ऑक्सिजन घेऊ शकते. पण इतके घट्ट धरले तर ते बाळाच्या पेशींना सोडणार कसे? आणि मायोग्लोबिन तर त्याहूनही घट्ट धरते, मग काम करणाऱ्या स्नायूला त्याचा उपयोग काय? मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे."

उत्तर:

तुमची शंका रास्त आहे आणि ती 'घट्ट' या एका शब्दातून आलेली आहे. आपण घट्ट म्हणतो तेव्हा धरलेली वस्तू सुटतच नाही असे चित्र मनात उभे राहते. हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन यांचे नाते तसे नाही. भोवतीच्या ऑक्सिजनचा दाब जास्त असेल तर ऑक्सिजन चिकटतो, दाब उतरला की सुटतो, आणि हे धरणे-सोडणे अखंड चालू असते. म्हणून खरा प्रश्न 'किती घट्ट' हा नसून 'कोणत्या दाबाला धरते आणि कोणत्या दाबाला सोडते' हा आहे. मी गेली बावीस वर्षे नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात काम करतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही. एवढा एक बदल प्रश्नात केला की बहुतेकांची अडचण निम्मी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

ज्या दाबाला निम्म्या जागा ऑक्सिजनने भरलेल्या असतात त्याला पी-५० म्हणतात. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनचा पी-५० साधारण २६ ते २७ मिलिमीटर पारा असतो, गर्भाच्या हिमोग्लोबिनचा १९ ते २० आणि मायोग्लोबिनचा सुमारे अडीच. आकडा जितका लहान तितकी ओढ जास्त, कारण तितक्या कमी दाबालाही निम्म्या जागा भरलेल्या राहतात. पण हाच आकडा उलट्या बाजूने वाचून पाहा. दाब विशीच्या खाली उतरेपर्यंत गर्भाचे हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त ऑक्सिजन सोडून बसते, आणि मायोग्लोबिन मुख्यतः पाचाच्या खाली सोडते. त्यामुळे गर्भाच्या पेशींजवळ दाब विशीच्या खाली असतो का, आणि राबणाऱ्या स्नायूच्या आत तो पाचाच्या खाली जातो का, एवढेच तपासायचे उरते. दोन्हींचे उत्तर 'होय' असे आहे. आता ते सावकाश पाहू.

आधी वारेपासून सुरुवात करतो. आईचे रक्त गर्भाशयाच्या धमन्यांतून वारेत येते तेव्हा त्यातील ऑक्सिजनचा दाब ९५ ते १०० मिलिमीटर असतो आणि परत जाताना तो ४० च्या आसपास असतो. बाळाकडे जाणाऱ्या नाळेच्या शिरेत मात्र तो जेमतेम ३० असतो. आईकडे शंभर असताना बाळाला तीसच का मिळतात, असे विद्यार्थी हमखास विचारतात. वार ही नुसती चाळणी नाही. ती जिवंत ऊती आहे आणि वाटेत आलेल्या ऑक्सिजनचा मोठा वाटा ती स्वतःच वापरते. शिवाय दोन्ही रक्तप्रवाह सगळीकडे सारख्या प्रमाणात समोरासमोर येत नाहीत, आणि ऑक्सिजन पलीकडे जाण्यासाठी दाबात थोडा उतार राहावाच लागतो. बाळ आपला ऑक्सिजन पेशींना देऊन नाळेच्या धमन्यांतून रक्त परत पाठवते तेव्हा दाब १८ च्या जवळ आलेला असतो. म्हणजे गर्भाचा सगळा व्यवहार ३० आणि १८ या दोन आकड्यांच्या मध्ये चालतो. आपल्याला असे रक्त मिळाले तर आपण बेशुद्ध पडू. गर्भाला मात्र ते रोजचेच असते.

याचे एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका निवासी डॉक्टरने एकदा रात्री मला घाईने बोलावले. पूर्ण दिवसांचे बाळ होते, जन्मताच खणखणीत रडले होते आणि हातपाय चांगले हलवत होते. नाळेच्या रक्ताचा अहवाल मात्र तिला भयंकर वाटला होता. शिरेत दाब ३०, धमनीत १८, आणि धमनीपुढे छापलेली संपृक्तता २६ टक्के. "सर, २६ टक्के म्हणजे बाळ गुदमरलेले असणार ना?" असे तिने विचारले. मी तिला आधी अहवालातील आम्लता पाहायला सांगितली. धमनीतला पीएच ७.२७ होता, म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाला साजेसा. आम्ल साचलेले नव्हते, त्यामुळे पेशी उपाशी राहिल्याचा कोणताही पुरावा नव्हता. मग ते २६ टक्के आले कुठून? त्या यंत्राने संपृक्तता मोजलेलीच नव्हती. दाब मोजून प्रौढांच्या आलेखावरून त्याने ती हिशेबाने काढली होती. तोच नमुना प्रकाशाच्या साह्याने हिमोग्लोबिन मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे को-ऑक्सिमीटरमध्ये, घातला तेव्हा आकडा चाळिशीच्या वर आला.

हा फरक तुम्ही घरी कागदावर काढू शकता. त्यासाठी हिलचे सूत्र पुरेसे आहे:

```
S = p^n / (p^n + P50^n)
```

यात `p` म्हणजे दाब आणि `n` साधारण २.७ धरावा. प्रौढ हिमोग्लोबिनसाठी पी-५० म्हणून २६.६ घ्या आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनसाठी १९.५. दाब ३० असताना प्रौढ हिमोग्लोबिन ५८ टक्के भरते, गर्भाचे ७६ टक्के. दाब १८ ला आला की प्रौढाचे २६ टक्के भरलेले उरते, गर्भाचे ४५ टक्के. प्रत्यक्ष शरीरात पीएच, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड यांनी हे आकडे थोडे हलतात, शिवाय जन्माच्या वेळी बाळाचे सगळेच हिमोग्लोबिन गर्भीय नसते. साधारण ७० ते ८० टक्के गर्भीय आणि उरलेले प्रौढ प्रकारचे असते. तरी विचाराची दिशा समजण्यासाठी हे आकडे चालतात.

आता या चार आकड्यांकडे जरा थांबून पाहा, कारण पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे अपुरे पडते. गर्भाचे हिमोग्लोबिन ७६ वरून ४५ वर आले, म्हणजे त्याने ३१ टक्के सोडले. त्याच दाबांमध्ये प्रौढ हिमोग्लोबिनने ५८ वरून २६ वर येत ३२ टक्के सोडले असते. दोन्ही जवळपास सारखेच! तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर इथेच मिळते. जास्त ओढ असूनही गर्भाचे हिमोग्लोबिन कमी सोडत नाही, कारण ३० आणि १८ चा पट्टा त्याच्या आलेखाच्या तीव्र उताराच्या भागात येतो. आलेख डावीकडे सरकला आहे आणि गर्भाचे दाबही डावीकडेच आहेत. तुम्ही गर्भाच्या पेशींजवळ आपल्यासारखा चाळीसचा दाब गृहीत धरला, म्हणून ऑक्सिजन सुटणार नाही असे तुम्हाला वाटले.

पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तो विचारायलाच हवा: सारखेच सोडायचे असेल तर जास्त ओढीचा फायदा तो काय? माझ्या मते याचे उत्तर अडचणीच्या वेळी दिसते. आईला न्यूमोनिया झाला आहे, किंवा कळा जोरात येऊन वारेकडचे रक्त कमी झाले आहे आणि नाळेच्या शिरेतला दाब ३० वरून २२ ला घसरला आहे, असे समजा. बाळाची गरज तीच आहे, म्हणजे प्रत्येक फेरीत पूर्वीइतकेच ३१ टक्के सोडायचे आहेत. गर्भाचे हिमोग्लोबिन २२ च्या दाबाला ५८ टक्के भरते. त्यातून ३१ गेले की २७ टक्के उरतात आणि तेव्हा दाब १३ ते १४ असतो. प्रौढ हिमोग्लोबिन त्याच २२ ला फक्त ३७ टक्के भरले असते. त्यातून ३१ काढले की उरतात ६ टक्के, आणि तेवढे काढून घेण्यासाठी दाब १० च्या खाली न्यावा लागला असता. पेशीपर्यंत ऑक्सिजन ढकलतो तो दाबच. साडेतेरा आणि साडेनऊ यांतला फरक कागदावर लहान दिसतो, पण केशवाहिनीपासून दूर असलेल्या पेशीला त्यातच जगायचे असते. थोडक्यात, सुखाच्या दिवसांत दोन्ही हिमोग्लोबिने सारखीच उपयोगी पडतात आणि ताणाच्या वेळी गर्भाचे हिमोग्लोबिन गाठीशी जास्त राखून असते.

यात आणखी एका गोष्टीचा हातभार असतो, तो म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रमाण. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १६ ते १७ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. साडेसोळा ग्रॅम आणि ७६ टक्के असा हिशेब केला तर नाळेच्या शिरेतील १०० मिलिलिटर रक्तात जवळपास १७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असेल आणि ते ९७ टक्के भरलेले असेल तर तिच्या धमनीतील तेवढ्याच रक्तात साडेपंधरा मिलिलिटर असतो. म्हणजे दाब तिसाव्या पायरीवर असूनही बाळाचे रक्त ऑक्सिजनच्या बाबतीत आईच्या रक्तापेक्षा गरीब नसते. दाब आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने समजावतो.

ही ओढ येते कुठून, हेही परीक्षेत विचारतात आणि त्यातही एक गैरसमज आहे. प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी दोन गॅमा साखळ्या असतात. तांबड्या पेशीत २,३-बीपीजी नावाचा एक लहान रेणू असतो. त्याच्यावर ऋण भार असतो आणि ऑक्सिजन सुटलेल्या हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत तो दोन बीटा साखळ्यांमध्ये जाऊन बसतो. तो बसला की ऑक्सिजन नसलेली रचना स्थिर होते आणि ऑक्सिजन पुन्हा चिकटणे अवघड होते. बीटा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडीन असते आणि बीपीजीला धरून ठेवण्यात त्याचा वाटा असतो. गॅमा साखळीत त्याच जागी सेरीन असते. सेरीनवर धन भार नसतो, त्यामुळे बीपीजीची पकड सैल पडते. रेनहोल्ड आणि रूथ बेनेश यांनी १९६७ मध्ये या रेणूचा हिमोग्लोबिनवरचा परिणाम दाखवला, त्यानंतर हे कोडे उलगडत गेले.

इथे लक्षात ठेवण्यासारखे हे की गर्भाचे हिमोग्लोबिन मुळातच ऑक्सिजनवेडे नसते. बीपीजी पूर्णपणे काढून टाकून दोन्ही हिमोग्लोबिने शुद्ध द्रावणात तपासली तर त्यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. प्रौढ हिमोग्लोबिनला बीपीजी आवरते आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनला तो तितकासा आवरू शकत नाही, म्हणून गर्भाची ओढ जास्त दिसते. "गॅमा साखळी ऑक्सिजनला जास्त घट्ट बांधते" असे लिहिणारा विद्यार्थी हा मधला दुवाच गाळतो.

वारेत आणखी एक मदत मिळते. बाळाचे रक्त कार्बन डायऑक्साइड आईकडे देते, त्यामुळे ते कमी आम्ल होते आणि त्याची ओढ त्या क्षणी आणखी वाढते. आईचे रक्त तोच कार्बन डायऑक्साइड घेऊन अधिक आम्ल होते आणि तिचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. याला दुहेरी बोर परिणाम म्हणतात. बाळाच्या पेशींजवळ याच्या उलट घडते. तिथे आम्ल वाढते, ओढ कमी होते आणि ऑक्सिजन सुटायला हातभार लागतो. म्हणून ओढ हा कायमचा ठरलेला आकडा नाही, तो जागोजागी बदलतो.

आता मर्यादा सांगतो, कारण ही व्यवस्था नसेल तर गर्भ जगूच शकत नाही असे कुणी शिकवत असेल तर ते खरे नाही. आरएच विसंगतीमुळे गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट होत असतील तर गर्भाशयातच त्याला रक्त देता येते. न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये गर्भाच्या पोटात सुईने रक्त सोडून हा उपचार यशस्वी केला. आता सोनोग्राफीत पाहत नाळेच्या शिरेतच रक्त दिले जाते. हे रक्त प्रौढ दात्याचे असते. दोन-तीन वेळा रक्त दिलेल्या गर्भाच्या अंगात प्रामुख्याने प्रौढ हिमोग्लोबिन खेळत असते, तरी अशी बाळे वाढतात, जन्मतात आणि चांगली राहतात. वरचे गणित तुम्ही नीट पाहिले असेल तर याचे आश्चर्य वाटणार नाही. ३० आणि १८ च्या दरम्यान प्रौढ हिमोग्लोबिनही तितकेच देते. हृदयाची गती आणि रक्तप्रवाह वाढवून गर्भ बाकीचे सांभाळतो. त्याच्याकडची राखीव पुंजी मात्र कमी झालेली असते.

जन्मानंतर चित्र पालटते आणि माझ्या रोजच्या कामात याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. फुप्फुसे उघडली की धमनीतला दाब तिसावरून साठ, सत्तर आणि पुढे चढत जातो. गर्भाचे हिमोग्लोबिन आता आलेखाच्या सपाट माथ्यावर येते. तिथे ते नव्वद टक्क्यांच्या वर भरलेले असते, आणि पेशींजवळचा दाब पूर्वीपेक्षा चढा असल्यामुळे आता त्याचे सोडणे तुलनेने कंजूषपणाचे ठरते. ज्या ओढीने गर्भाशयात काम साधले तीच बाहेर फारशी लागत नाही. शरीर हळूहळू गॅमा साखळ्या बनवणे थांबवते आणि बीटा बनवू लागते. सहा महिने ते वर्षभरात गर्भीय हिमोग्लोबिन एक-दोन टक्क्यांवर येते.

याचा व्यवहारातला अर्थ असा: बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९० टक्के दिसले तर प्रौढ माणसाच्या रक्तात दाब ६० च्या आसपास असतो. मुख्यतः गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या बाळात त्याच ९० टक्क्यांना दाब ४५ च्या जवळ असू शकतो. आता कावीळ फार वाढल्यामुळे एखाद्या बाळाचे रक्त बदलावे लागले असे समजा. तीन किलोच्या बाळाला सुमारे पाचशे मिलिलिटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रक्ताच्या दुप्पट, दात्याचे रक्त लागते आणि त्याचे जवळपास ८५ टक्के रक्त बदलले जाते. बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर ऑक्सिमीटरवर तोच आकडा दिसेल, पण त्यामागचा दाब आता जास्त असेल. पूर्ण दिवसांच्या बाळाला याचा सहसा त्रास होत नाही. अठ्ठावीस-तीस आठवड्यांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा मात्र जादा ऑक्सिजनने बिघडू शकतो, म्हणून अशा वेळी मी आकड्याच्या वरच्या मर्यादेकडे अधिक काटेकोरपणे पाहायला सांगतो. रक्तपेढीत बरेच दिवस राहिलेल्या रक्तात बीपीजी कमी झालेला असतो, त्यामुळे ते रक्त काही काळ प्रौढांच्या नेहमीच्या रक्तापेक्षा जास्त ओढीचे असते. म्हणून या कामासाठी ताजे रक्त मागवतात आणि पहिले काही तास नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहत नाहीत.

आता मायोग्लोबिनकडे वळू. हाच उतार पुढे खाली नेला की ते आपोआप योग्य जागी येऊन बसते. फुप्फुसांत शंभर, केशवाहिनीत चाळीस ते वीस, स्नायूपेशीच्या आत त्याहून कमी आणि मायटोकॉन्ड्रियाजवळ सर्वात कमी असा ऑक्सिजनचा प्रवास असतो. मायटोकॉन्ड्रिया एक मिलिमीटरच्या आसपासच्या दाबालाही काम चालू ठेवू शकतात. म्हणजे केशवाहिनी आणि मायटोकॉन्ड्रिया यांच्यामध्ये बसणाऱ्या वाहकाचा पी-५० वीसच्या बराच खाली आणि एकाच्या थोडा वर असायला हवा. मायोग्लोबिनचा अडीच आहे.

दाब २० असताना, म्हणजे राबत्या स्नायूच्या केशवाहिनीत, प्रौढ हिमोग्लोबिन जेमतेम ३२ टक्के भरलेले असते. त्याच दाबाला मायोग्लोबिन ८९ टक्के भरलेले असते, त्यामुळे हिमोग्लोबिनने सोडलेला ऑक्सिजन ते सहज उचलते. दाब ५ ला उतरला तर त्याचे दोन तृतीयांश रेणू अजून भरलेले असतात. अडीचला निम्मे रिकामे होतात आणि एकला तीसहून कमी टक्के उरतात. त्याचे बहुतेक देणे पाचाच्या खाली होते. माणसांच्या मांडीच्या स्नायूत चुंबकीय अनुनादाने केलेल्या मोजणीत असे दिसले आहे की जोराचा व्यायाम चालू असताना निम्म्याच्या आसपास मायोग्लोबिनने ऑक्सिजन सोडलेला असतो, म्हणजे पेशीच्या आतला दाब तीन मिलिमीटरच्या जवळ आलेला असतो. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर हेच आहे: स्नायूच्या आतला दाब तेवढा खाली जातो, म्हणून मायोग्लोबिनची ओढ तेवढी असावी लागते. ते हिमोग्लोबिनसारखे असते तर वीसच्या दाबालाच दोन तृतीयांश रिते झाले असते आणि पेशीच्या आत देण्यासाठी त्याच्याकडे फारसे उरलेच नसते.

त्याच्या आलेखाचा आकारही वेगळा असतो. मायोग्लोबिन म्हणजे १५३ अमायनो आम्लांची एकच साखळी आणि त्यात एकच हीम. जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये त्याची त्रिमितीय रचना पहिल्यांदा दाखवली, तीही स्पर्म व्हेलच्या स्नायूतून काढलेल्या मायोग्लोबिनची. चार साखळ्या नसल्यामुळे एका साखळीने दुसरीला कळवण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून आलेख एस आकाराचा होत नाही. वरच्या सूत्रात `n` ला १ केले की मायोग्लोबिनचा आलेख मिळतो. बीपीजीचाही त्यावर परिणाम होत नाही आणि आम्लाचा फारच थोडा होतो. राबणाऱ्या स्नायूत आम्ल वाढते तेव्हा हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते, पण शेजारी असलेले मायोग्लोबिन घेत राहते. या तफावतीमुळेच ऑक्सिजन आत खेचला जातो.

मायोग्लोबिनला 'स्नायूतील ऑक्सिजनचे कोठार' म्हणतात. माणसाच्या बाबतीत हे नाव थोडे फसवे आहे. आपल्या स्नायूत किलोमागे साधारण पाच ग्रॅम मायोग्लोबिन धरले तर ते पूर्ण भरल्यावर सहा ते सात मिलिलिटर ऑक्सिजन धरते. जोरात राबणारा मांडीचा स्नायू मिनिटाला किलोमागे तीनशे मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरू शकतो. म्हणजे सगळे कोठार सव्वा सेकंदात रिकामे! एवढ्यात काय साधते? स्नायू आकुंचन पावताना आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त क्षणभर अडते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या आतल्या थरात तर प्रत्येक ठोक्याला हे घडते आणि ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे टिकते. तेवढे अंतर पार करायला सेकंदभराचा साठा पुरतो. म्हणून ते कोठारापेक्षा दोन ठोक्यांमधली शिदोरी आहे, असे मी म्हणतो. व्हेल आणि सील यांच्यात मात्र कोठार हा शब्द शोभतो. त्यांच्या स्नायूत मायोग्लोबिन आपल्या दसपटीच्या घरात असते आणि त्यांना दीर्घकाळ पाण्याखाली राहायचे असते.

हे मायोग्लोबिन डोळ्यांनी पाहायचे असेल तर मटणाच्या दुकानात जा. कसायाने मांडीचा मोठा तुकडा नुकताच मधून चिरला असेल तर आतला भाग जांभळट, काळसर लाल दिसतो. दहा-पंधरा मिनिटे हवेत राहिला की तोच भाग लालभडक होतो. आतल्या ऊतीने ऑक्सिजन संपवलेला असल्यामुळे मायोग्लोबिन रिकामे होते, आणि हवा लागताच ते भरले. दिवसभर राहिलेले मटण तपकिरी होते, कारण हीममधले लोह ऑक्सिडीकृत होते आणि असे मायोग्लोबिन ऑक्सिजन धरू शकत नाही. कोंबडीची तंगडी छातीपेक्षा गडद का, याचेही उत्तर हेच आहे. कोंबडी दिवसभर चालते, पण उडते क्वचित.

इथेही मर्यादा सांगतो. १९९८ मध्ये मायोग्लोबिन अजिबात नसलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जगले, त्यांची पिल्ले झाली आणि व्यायामाची त्यांची क्षमताही साधारण राहिली. पुढच्या अभ्यासात दिसले की त्यांच्या हृदयात केशवाहिन्या वाढलेल्या होत्या आणि रक्तप्रवाह जास्त होता. म्हणजे मायोग्लोबिन नसेल तर शरीर ऑक्सिजनचे अंतर कमी करून काम भागवते. मायोग्लोबिन ऑक्सिजन पेशीच्या आत वाहून नेण्यास किती मदत करते, यावर अजूनही वाद आहे. स्नायू, तापमान आणि कामाचा जोर यांनुसार त्याचे उत्तर बदलते.

परीक्षेसाठी एवढे करा. एकाच कागदावर तिन्ही आलेख काढा: प्रौढ हिमोग्लोबिन, गर्भाचे हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन. मग आडव्या अक्षावर ३०, १८ आणि ३ या ठिकाणी उभ्या रेषा मारा. पहिल्या दोन रेषांच्या मधली पट्टी वारेची आणि गर्भाची, तिसरी रेषा राबत्या स्नायूपेशीच्या आतली. प्रत्येक आलेख कोणत्या रेषेजवळ सर्वात तिरका आहे ते पाहा आणि उत्तर लिहिताना त्या रेषांवरचे आकडे लिहा. मग 'घट्ट' हा शब्द लिहिण्याची गरजच पडणार नाही. गणितात अडलात तर आकडे इथे टाका, मी पाहतो.